इन्सुलिनच्या वाटेने पेशीची उजळणी

अकरावीच्या जीवशास्त्रातला एक प्रश्न भल्याभल्यांना अडवतो. मेदाचे रेणू लहान असतात. त्यांचा रेणुभार सहसा ८०० डाल्टनच्या पुढे जात नाही. प्रथिने, केंद्रकाम्ले आणि बहुशर्करा हे मात्र हजारो, लाखो डाल्टनचे अवाढव्य रेणू. आता एखादी ऊती ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लात खलबत्त्यात वाटली आणि फडक्यातून गाळली, तर लहान रेणू गाळलेल्या द्रवात उतरतात आणि मोठे फडक्यावर राहतात. मग मेद लहान असूनही त्या मोठ्या रेणूंच्या सोबत फडक्यावर कसे सापडतात?

हा प्रश्न ‘जैवरेणू’ या धड्यातला आहे, पण त्याचे उत्तर ‘पेशी’च्या धड्यात आहे. पेशीच्या बाहेरचे पटल आणि आतल्या अंगकांची पटले मेदांची बनलेली असतात. ऊती वाटली की ही पटले फाटतात, त्यांचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा स्वतःभोवती मिटून त्याची बारीक पुटिका बनते. ही पुटिका पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती फडक्यावर राहते. मेदाचा एकेक रेणू लहानच आहे, पण गाळताना तो एकटा नसतो. ज्यांच्या वहीत ‘मेद: बहुवारिक नाही, तरी आम्लात अविद्राव्य, अपवाद’ एवढीच ओळ असते त्यांना ती पाठ करावी लागते, आणि परीक्षेच्या दडपणात नेमका अपवादच डोक्यातून निसटतो. फाटलेल्या पटलाचे चित्र ज्यांनी डोळ्यांसमोर आणले, त्यांच्यासाठी तो अपवाद उरतच नाही.

नीटच्या अभ्यासक्रमात पेशी आणि जैवरेणू एकाच घटकात घातले आहेत. पुस्तकात मात्र ते वेगवेगळ्या धड्यांत येतात आणि बहुतेकांची उजळणीही तशीच वेगवेगळी होते. एका धड्यात अंगकांची यादी, दुसऱ्यात रेणूंची यादी. या दोन याद्या जोडण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे एकच पेशी काढायची, तिच्यातून एकच रेणू जन्मापासून बाहेर पडेपर्यंत चालवायचा, आणि त्या आकृतीतूनच तुलनेचे तक्ते उभे करायचे. त्यासाठी इन्सुलिनइतका सोयीचा रेणू दुसरा नाही.

आकृती: बीटा पेशी आणि एक प्रथिन

पुस्तक मिटून एक कोरा कागद घ्या आणि त्यावर साधारण २० सेंटिमीटर व्यासाची पेशी काढा. ही स्वादुपिंडातली बीटा पेशी. खऱ्या पेशीचा व्यास १० मायक्रोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे तुमची आकृती सुमारे २० हजार पट मोठी झाली. हे माप ध्यानात ठेवा, कारण पुढे काय किती मोठे काढायचे ते त्यावरूनच ठरते. दृश्यकेंद्रकी रायबोझोम सुमारे २५ नॅनोमीटरचा असतो. या कागदावर तो अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे पेनाने टेकवलेल्या एका ठिपक्याएवढा येतो. तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, सरासरी अर्धा मायक्रोमीटर रुंद असते. ती कागदावर एक सेंटिमीटर रुंद आणि काही सेंटिमीटर लांब येईल. पुस्तकातल्या आकृत्यांत रायबोझोम वाटाण्याएवढे दिसतात ते केवळ नजरेस पडावेत म्हणून. एकदा प्रमाणात काढून पाहिले की ‘सर्वांत लहान अंगक कोणते’ किंवा ‘साध्या सूक्ष्मदर्शकातून काय दिसणार नाही’ असल्या प्रश्नांसाठी वेगळे पाठांतर लागत नाही.

आता केंद्रक काढा, आणि तो एका रेषेने नव्हे तर दोन रेषांनी. केंद्रकाचे आवरण दुहेरी असते आणि त्या दोन पटलांत १० ते ५० नॅनोमीटरची फट असते. त्या आवरणात काही छिद्रे दाखवा. मानवाच्या अकराव्या गुणसूत्रावर इन्सुलिनचे जनुक आहे. त्याची प्रत असलेला संदेशवाहक आरएनए या छिद्रांतूनच बाहेर येतो. डीएनए मात्र बाहेर येत नाही.

यानंतरच्या रेषेत बहुतेकांची आकृती चुकते. केंद्रकाच्या बाहेरच्या पटलाची रेषा तोडू नका. तीच पुढे ओढत न्या आणि तिच्या घड्या घाला. ही झाली आंतर्द्रव्यजालिका. ती केंद्रकाच्या आवरणाला जोडलेली असते. वेगळी जाळी म्हणून बाजूला काढली की हा संबंध नजरेतून सुटतो. आता तिच्यावर रायबोझोमचे ठिपके द्या, पण बाहेरच्या बाजूला, पेशीद्रव्याकडे तोंड करून. ठिपके जालिकेच्या आत पडले असतील तर समजा की प्रथिन आत कसे शिरते हे अजून नीट कळलेले नाही.

ते असे शिरते. रायबोझोम सुरुवातीला पेशीद्रव्यात मोकळाच असतो आणि तिथेच अमिनो आम्लांची साखळी जोडायला लागतो. इन्सुलिनच्या या पहिल्या साखळीत एकूण ११० अमिनो आम्ले असतात. त्यांतली पहिली २४ हा जणू पत्ता असतो: ती बाहेर आली की रायबोझोम जालिकेच्या पटलावर नेला जातो, तिथे त्याचा मोठा उपघटक पटलाला चिकटतो आणि पुढची साखळी सरळ जालिकेच्या पोकळीत उतरते. पत्त्याचे काम झाले की तो कापला जातो. उरतात ८६ अमिनो आम्ले, म्हणजे प्रोइन्सुलिन. पोकळीतच साखळीला घड्या पडतात आणि तिच्यात तीन डायसल्फाइड बंध तयार होतात.

आता जालिकेच्या कडेला एक पुटिका सुटताना दाखवा आणि तिच्यापासून गॉल्गी संकुलाकडे बाण काढा. गॉल्गीच्या चकत्या वाकलेल्या असतात. त्यांची फुगीर बाजू, सिस, केंद्रकाकडे आणि जालिकेकडे असते. तिकडून पुटिका येऊन मिळतात. खोलगट बाजू, ट्रान्स, पेशीपटलाकडे असते. तिकडून नव्या पुटिका सुटतात. बाण एकदा काढले की सिस कोणती आणि ट्रान्स कोणती हा गोंधळ राहत नाही, कारण माल जालिकेकडूनच येऊ शकतो.

ट्रान्स बाजूने निघालेल्या पुटिका परिपक्व होताना त्यांच्यात आणखी एक कापाकापी होते. साखळीच्या मधला ३१ अमिनो आम्लांचा तुकडा, सी-पेप्टाइड, वेगळा होतो. त्याच्या दोन्ही टोकांची मिळून चार अमिनो आम्लेही गळतात. उरतात २१ अमिनो आम्लांची ए साखळी आणि ३० अमिनो आम्लांची बी साखळी. दोन डायसल्फाइड बंध या साखळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवतात, तिसरा ए साखळीच्या आतच असतो. रक्तातली साखर वाढली की पुटिका पेशीपटलाला मिळते आणि इन्सुलिन बाहेर पडते. त्याच्याबरोबर सी-पेप्टाइडही तेवढेच बाहेर पडते. म्हणून बाहेरून इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाचे स्वतःचे स्वादुपिंड किती इन्सुलिन बनवते हे पाहायचे असेल तर डॉक्टर रक्तातले सी-पेप्टाइड मोजतात. इंजेक्शनमधल्या इन्सुलिनसोबत ते येत नाही.

आकृतीच्या या टोकाला जैवरेणूंचा धडा आपसूक उघडतो. इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्ले आहेत; मग पेप्टाइड बंध किती? घाईत ५० असे उत्तर येते, कारण ‘अमिनो आम्लांपेक्षा एक कमी’ हे सूत्र पाठ असते. ते सूत्र एका साखळीपुरते खरे. ए साखळीत २० बंध, बी साखळीत २९, एकूण ४९. म्हणजे अमिनो आम्लांच्या संख्येतून साखळ्यांची संख्या वजा करायची. एकसंध प्रोइन्सुलिनमध्ये हेच बंध ८५ होते. प्रत्येक बंध जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि तोडताना एक लागतो. डायसल्फाइड बंध या मोजणीत धरायचे नाहीत, कारण ते दोन सिस्टीनच्या बाजूच्या गटांत होतात, मूळ साखळीत नाही. अमिनो आम्लांचा नेमका क्रम म्हणजे प्रथिनाची प्राथमिक संरचना. इन्सुलिनचा हा क्रम फ्रेडरिक सँगर यांनी शोधून काढला आणि त्यासाठी त्यांना १९५८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बाण कुठून आले?

आकृतीतले बाण कुणीतरी मोजून ठरवलेले आहेत, हे माहीत असले की ते विसरत नाहीत. जॉर्ज पॅलेड आणि जेम्स जेमिसन यांनी १९६० च्या दशकात गिनीपिगच्या स्वादुपिंडाचे पातळ काप घेतले. त्यांनी बीटा पेशी नव्हे, तर त्याच अवयवातल्या पाचक विकरे बनवणाऱ्या पेशी अभ्यासल्या. या कापांना त्यांनी सुमारे तीन मिनिटे किरणोत्सारी ल्युसीन दिले आणि मग साधे ल्युसीन. त्यामुळे फक्त त्या तीन मिनिटांत बनलेल्या प्रथिनांवर खूण बसली. मग ठरावीक वेळांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली खूण कुठे पोचली ते पाहिले. सुरुवातीला ती खडबडीत जालिकेत होती, काही मिनिटांनी गॉल्गीच्या परिसरात, आणि सुमारे दोन तासांनी साठवणुकीच्या कणिकांत. बाणांची दिशा अशी वेळेच्या हिशेबाने सिद्ध झाली. पॅलेड, अल्बर्ट क्लॉड आणि ख्रिश्चन द दुव्ह यांना १९७४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रायबोझोमचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहणारे पॅलेडही हेच, आणि लयकारिकेचा शोध द दुव्ह यांचा. नावे अशी कामाला जोडलेली असली की जोड्या लावा प्रकारचा प्रश्न सोपा जातो.

आता आकृतीकडे पुन्हा पाहा. जालिका, गॉल्गी, पुटिका, पेशीपटल हे सगळे बाणांनी जोडले गेले. गॉल्गीपासून आणखी एक बाण लयकारिकेकडे काढा, कारण तिची विकरे याच वाटेने येतात. रिक्तिकाही याच वाटेवर आहे. पण एका अंगकाकडे यांतला एकही बाण जात नाही: तंतुकणिका. ती पेशीसाठी एटीपी बनवते, पण पुटिकांच्या या साखळीत ती नाही. तिला लागणारी बहुतेक प्रथिने मोकळ्या रायबोझोमवर तयार होऊन थेट पेशीद्रव्यातून तिच्यात शिरतात. अंतःपटल संस्था म्हणजे नेमके काय, हे एवढ्यात उलगडते. पुस्तकातली यादी आहे आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल, लयकारिका आणि रिक्तिका. त्यांचे काम एकमेकांशी जुळलेले आहे म्हणून ती एक संस्था. तंतुकणिका, हरितलवक आणि पेरॉक्सिझोम यांचे काम या साखळीशी जुळलेले नाही, म्हणून ती बाहेर.

पहिला तक्ता: प्रश्न आधी, रकाने नंतर

तक्ते बहुतेक विद्यार्थी मार्गदर्शकातून उतरवून घेतात. उतरवलेला तक्ता दिसतो नीटनेटका, पण त्याच्या रकान्यांमागचा विचार दुसऱ्याचा असतो. तक्त्याची खरी मेहनत रकान्यांची शीर्षके ठरवण्यात असते. एकच रकाना असा निवडा की त्यातले उत्तर एका-दोन शब्दांत बसेल आणि प्रत्येक ओळीला विचारता येईल. ‘रचना’ आणि ‘कार्य’ ही शीर्षके फार सैल आहेत. त्यांत परिच्छेद भरले जातात आणि तुलना होतच नाही. त्याऐवजी पटले किती, स्वतःचा डीएनए आहे का, स्वतःचे रायबोझोम कोणते, असे नेमके प्रश्न घ्या.

| अंगक | पटले | स्वतःचा डीएनए | आतले रायबोझोम | अंतःपटल संस्थेत? |
|---|---|---|---|---|
| केंद्रक | दोन | आहे, रेषीय | कार्यरत नाहीत. उपघटक केंद्रकीत जुळतात | यादीत नाही, पण बाहेरचे पटल जालिकेला जोडलेले |
| आंतर्द्रव्यजालिका | एक | नाही | आत नाहीत. खडबडीत भागावर बाहेरून ८० एस | होय |
| गॉल्गी संकुल | एक | नाही | नाहीत | होय |
| लयकारिका | एक | नाही | नाहीत | होय |
| तंतुकणिका | दोन | आहे, वर्तुळाकार | ७० एस | नाही |
| हरितलवक | दोन | आहे, वर्तुळाकार | ७० एस | नाही |
| पेरॉक्सिझोम | एक | नाही | नाहीत | नाही |

तक्ता आडवा वाचला तर एकेका अंगकाची माहिती मिळते, आणि ती पुस्तकातही आहे. उभा वाचला की पुस्तकात एका जागी न सापडणारी गोष्ट दिसते. दुसरा आणि तिसरा रकाना शेजारीशेजारी ठेवून खाली उतरा: ज्यांना दोन पटले आहेत त्यांनाच डीएनए आहे, आणि एक पटल असलेल्या कुणालाच नाही. मग चौथा रकाना पाहा. तंतुकणिका आणि हरितलवक यांचे रायबोझोम ७० एस आहेत, जिवाणूंसारखे. वर्तुळाकार डीएनए, जिवाणूंसारखे रायबोझोम आणि दुभंगून वाढण्याची रीत या तीन गोष्टी एकत्र आल्या की लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये मांडलेला अंतःसहजीवनाचा सिद्धान्त समोर येतो: ही दोन अंगके म्हणजे एकेकाळी मोठ्या पेशीच्या आत राहायला आलेले जिवाणूसारखे जीव. केंद्रकालाही दोन पटले आहेत, पण त्याच्या ओळीत डीएनए रेषीय आहे, म्हणून तो या कथेत बसत नाही. अशी विसंगती दाखवणे हेच तक्त्याचे काम आहे.

चौथ्या रकान्यातली एक अडचण सोडवून पुढे जाऊ. ८० एस रायबोझोमचे उपघटक ६० एस आणि ४० एस, तर ७० एसचे ५० एस आणि ३० एस. बेरीज जुळत नाही, म्हणून छपाईची चूक वाटते. एस हे स्वेडबर्ग एकक आहे. अपकेंद्री यंत्रात फिरवल्यावर कण किती वेगाने तळाकडे जातो ते त्यावरून कळते. तो वेग वस्तुमानाबरोबर आकारावरही अवलंबून असतो. दोन उपघटक एकमेकांत बसले की जोडकणाचा आकार बदलतो, म्हणून वेगांची बेरीज होत नाही. आकृतीतल्या एका ठिपक्याशेजारी ‘६० आणि ४०, मिळून ८०’ एवढे लिहून ठेवा.

दुसरा तक्ता: ग्लुकोज एकच, रेणू तीन

बीटा पेशीतून निघालेले इन्सुलिन यकृताला पोचले की यकृताच्या पेशी ग्लुकोज जोडून ग्लायकोजन बनवतात. दुसरा तक्ता इथूनच सुरू होतो. ग्लायकोजन, स्टार्च आणि सेल्युलोज हे तिन्ही केवळ ग्लुकोजचे बनलेले. मग बटाटा शिजवून खाता येतो आणि कापूस नाही, हा फरक कुठून येतो?

| | स्टार्च | ग्लायकोजन | सेल्युलोज |
|---|---|---|---|
| एकक | अल्फा ग्लुकोज | अल्फा ग्लुकोज | बीटा ग्लुकोज |
| मुख्य बंध | अल्फा १-४ | अल्फा १-४ | बीटा १-४ |
| फांद्या | अमायलोजला नाहीत, अमायलोपेक्टिनला आहेत (१-६) | दाट (१-६) | नाहीत |
| साखळीचा आकार | मळसूत्री | फांद्यांचा झुबका | सरळ, ताठ |
| आयोडिन | निळाजांभळा रंग | लालसर तपकिरी | रंग नाही |
| पेशीत कुठे | वनस्पतीच्या लवकांत | यकृत आणि स्नायूंच्या पेशीद्रव्यात | वनस्पतीच्या पेशीभित्तिकेत |

या तक्त्यात सगळे काही दुसऱ्या ओळीवर ठरते, आणि ती ओळ कळण्यासाठी एक छोटी आकृती हवी. ग्लुकोजचे चार षट्कोन एका ओळीत काढा आणि प्रत्येकावर एक बाजू वर म्हणून खूण करा. अल्फा बंधात सगळे षट्कोन एकाच बाजूने जुळतात आणि प्रत्येक जोड थोडा वाकलेला असल्याने साखळी वळत जाते. मळसूत्रासारख्या त्या वळणांच्या पोकळीत आयोडिन अडकते आणि निळा रंग येतो. बीटा बंधात मात्र दर दुसरा षट्कोन उलटा होतो. एकाची खूण वर, पुढच्याची खाली. वाकणे एकमेकांना छेद देते आणि साखळी सरळ राहते. तिच्यात पोकळी नाही, म्हणून आयोडिनला थारा नाही आणि रंगही नाही. अशा सरळ साखळ्या शेजारीशेजारी बसतात आणि हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरतात. पेशीभित्तिकेचा ताठपणा तिथून येतो. माणसाच्या आतड्यात अल्फा बंध तोडणारी विकरे आहेत, बीटा १-४ बंध तोडणारे सेल्युलेज नाही. बटाटा आणि कापसातला फरक एवढाच.

शेवटची ओळ पहिल्या आकृतीशी जोडून पाहा. स्टार्च साठवणारे लवक हे पटलाचे अंगक आहे, ग्लायकोजनचे कण पेशीद्रव्यात उघडेच असतात, आणि सेल्युलोज पेशीपटलाच्याही बाहेर असते. याच तक्त्याच्या कडेला दोन नावे लिहून ठेवावीत. इन्युलिन हे फ्रुक्टोजचे बहुवारिक आहे, डेलियासारख्या झाडांच्या मुळांत साठणारे. इन्सुलिनशी त्याचे नाते फक्त उच्चाराचे. आणि कायटिनचे एकक ग्लुकोज नसून एन-ॲसिटिल ग्लुकोसअमाइन आहे, बंध मात्र सेल्युलोजसारखाच बीटा १-४.

एक प्रश्न सोडवून

आकृती आणि तक्ता खरोखर उपयोगी पडतात की नाही, हे विधान-कारण प्रकारच्या प्रश्नात कळते. असा प्रश्न घेऊ. विधान: तंतुकणिका अंतःपटल संस्थेचा भाग नाही. कारण: तंतुकणिकेभोवती दुहेरी पटल असते.

दोन्ही वाक्ये वेगवेगळी खरी आहेत, त्यामुळे ‘दोन्ही बरोबर आणि कारण योग्य’ या पर्यायाकडे हात जातो. आता तक्त्याला विचारा: दुहेरी पटल हेच संस्थेबाहेर असण्याचे कारण असते, तर एकच पटल असलेले सगळे आत हवे होते. पण पेरॉक्सिझोमला एकच पटल आहे आणि तो बाहेर आहे. आकृतीला विचारा: केंद्रकाला दोन पटले आहेत, तरी त्याचे बाहेरचे पटल थेट जालिकेला जोडलेले आहे. म्हणजे पटलांच्या संख्येचा इथे संबंधच नाही. संबंध आहे कामाच्या साखळीचा. उत्तर: दोन्ही विधाने बरोबर, पण दिलेले कारण हे योग्य स्पष्टीकरण नाही. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा, म्हणजे या एका ठिकाणी पाच गुणांचा फरक पडतो.

तपासणीची पद्धतही इथूनच ठरते. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर तीच आकृती पुन्हा काढा आणि मगच पुस्तक उघडून लाल पेनाने दुरुस्त करा. चुका तीन प्रकारच्या निघतील. नाव आठवले नाही, तर ते पाठांतराचे काम आहे. बाण चुकला, तर प्रक्रिया कळलेली नाही. तो परिच्छेद पुन्हा वाचा. रेषा चुकली, म्हणजे दोनऐवजी एक पटल काढले किंवा ठिपके आत पडले, तर रचना कळलेली नाही. मूळ आकृती पाहा. तक्त्याच्या बाबतीत फक्त शीर्षके आणि ओळींची नावे लिहून रकाने मोकळे सोडा. एखादा रकाना सलग दोनदा अडला तर त्याच्यामागची छोटी आकृती काढा, जशी अल्फा-बीटासाठी काढली. तक्ता पुन्हा उतरवून काढल्याने तो रकाना सुटत नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. पेशीत पाणी ७० ते ९० टक्के, प्रथिने १० ते १५ टक्के, केंद्रकाम्ले ५ ते ७ टक्के, असे आकडे कुठल्याही आकृतीतून निघत नाहीत. कार्बॉक्सिपेप्टिडेजला जस्त लागते किंवा प्राणिजगतात सर्वांत जास्त आढळणारे प्रथिन कोलॅजेन आणि साऱ्या जीवावरणात रुबिस्को, हेही पाठच करावे लागते. त्यांच्यासाठी वेगळा एकच कागद ठेवा आणि तो आकृतीत कोंबू नका. बाणांमध्ये आकडे घुसले की बाण दिसेनासे होतात. बीटा पेशीतून वनस्पतीच्या पेशीतल्या गोष्टी कळणार नाहीत, हेही खरे. हरितलवक, मोठी रिक्तिका आणि पेशीभित्तिका यांच्यासाठी पानातल्या एका पेशीची दुसरी आकृती काढावी लागेल, आणि तिच्यातून चालवायचा रेणू असेल ग्लुकोज.

परीक्षेआधीच्या आठवड्यात या दोन धड्यांसाठी एवढे पुरेसे आहे: एक बीटा पेशी, एक पानातली पेशी, दोन तक्ते आणि आकड्यांचा एक कागद. मार्गदर्शकातले रंगीत तक्ते बाजूला ठेवा. आजच कोऱ्या कागदावर केंद्रकाच्या दोन रेषा काढून इन्सुलिनला पेशीपटलापर्यंत नेऊन पाहा. बाण जिथे अडेल, तिथून उजळणी सुरू करा.